विश्लेषण : जर्मन मीटिंग अ‍ॅप दाराबाहेर का थांबवते आणि रेकॉर्डिंगला ‘हो’ म्हणण्याचा अर्थ काय?

युरोपातील सरकारी कार्यालये आणि कंपन्या गेली काही वर्षे अमेरिकी सॉफ्टवेअरला पर्याय शोधत आहेत. जर्मनीच्या उत्तरेकडील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने २०२५ मध्ये आपली ४० हजारांहून अधिक ई-मेल खाती मायक्रोसॉफ्टवरून मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर हलवली. ही लाट व्हिडिओ मीटिंगच्या अ‍ॅपपर्यंतही पोहोचली आहे. त्यामुळे जर्मन कंपनीशी व्यवहार करणाऱ्या भारतीय व्यापाऱ्याला आता नेहमीच्या झूम किंवा गूगल मीटऐवजी अनोळखी नावाच्या अ‍ॅपची लिंक येऊ शकते. ‘ओपनटॉक’ हे असेच एक अ‍ॅप. बर्लिनच्या हाइनलाइन समूहाने ते तयार केले आहे. हाच समूह ‘मेलबॉक्स डॉट ओआरजी’ ही ई-मेल सेवाही चालवतो. अ‍ॅपचा कोड खुला आहे आणि एखादी संस्था ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकते.

अशी लिंक उघडणाऱ्याला तीन गोष्टी वेगळ्या वाटतात. आत जाण्याआधी थांबावे लागते, रेकॉर्डिंग सुरू होताना परवानगी विचारली जाते आणि मध्येच आपल्याला दुसऱ्या खोलीत पाठवले जाते. या तिन्ही सोयी इतर अ‍ॅपमध्येही कमीअधिक प्रमाणात आहेत. मात्र रेकॉर्डिंगच्या परवानगीमागे जर्मनीचा कायदा आहे आणि तो आपल्याकडील समजुतीपेक्षा बराच वेगळा आहे.

हे समजून घेण्यासाठी नागपूरच्या गांधीबागेतील एक काल्पनिक व्यवहार पाहू. गांधीबाग ही कापडाच्या ठोक व्यापाराची जुनी पेठ. समजा, तिथला एक व्यापारी सुती चादरी आणि स्वयंपाकघरात वापरायची फडकी हॅम्बुर्गच्या एका खरेदीदाराला पुरवतो. पुढच्या मालाचा दर्जा आणि दर ठरवण्यासाठी खरेदीदाराने बैठक बोलावली आहे. त्यांच्या बाजूने चार जण असतील. गांधीबागेतून मालक, त्यांचा मुलगा आणि हिशेब पाहणारे मुनीमजी असतील. शिवाय मुंबईचा एजंट आणि माल तपासणाऱ्या संस्थेचा एक प्रतिनिधी. एकूण नऊ माणसे.

लिंक असूनही दाराबाहेर का?

व्हिडिओ बैठकीची लिंक ही किल्लीसारखी असते आणि तिची नक्कल करायला कष्ट पडत नाहीत. मालकांना आलेली लिंक ते मुलाला पाठवतात, मुलगा ती दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि ग्रुपमध्ये वीस-पंचवीस माणसे असतात. लिंक कुणाकडे पोहोचली याचा हिशेब त्यानंतर कुणाकडेच राहत नाही.

याचे गाजलेले उदाहरण २० नोव्हेंबर २०२० चे आहे. युरोपीय संघाच्या संरक्षणमंत्र्यांची गोपनीय व्हिडिओ बैठक सुरू होती. नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्री अँक बायलेव्हेल्ड यांच्या ट्विटर खात्यावर बैठकीचे छायाचित्र टाकले गेले आणि त्यात सहा आकडी पिनमधले पाच आकडे दिसत होते. ‘आरटीएल न्यूज’चे पत्रकार डॅनियल व्हर्लान यांनी उरलेला आकडा अंदाजाने शोधला आणि ते थेट बैठकीत अवतरले. त्यांनी हात हलवून नमस्कार केला. बैठकीचे प्रमुख जोसेप बोरेल यांनी हा गुन्हा आहे हे ठाऊक आहे का, असे त्यांना विचारल्यावर ते बाहेर पडले. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत कुणीतरी घुसून अश्लील दृश्ये दाखवली आणि न्यायालयाला ही सेवा काही काळ बंद ठेवावी लागली होती.

अशा वेळी वेटिंग रूम कामी येते. लिंक उघडणारा माणूस आपले नाव टाइप करतो आणि बाहेरच्या खोलीत थांबतो. त्याला बैठकीतले काही दिसत नाही, ऐकू येत नाही. आतल्या यजमानाला, म्हणजे मॉडरेटरला, थांबलेल्यांची यादी दिसते. तो एकेकाला आत घेऊ शकतो किंवा सगळ्यांना एकदमच. ओपनटॉकमध्ये ही वेटिंग रूम बैठक ठरवताना सुरू करून ठेवता येते आणि बैठक चालू असतानाही सुरू किंवा बंद करता येते. आत आलेल्या माणसाला पुन्हा बाहेरच्या खोलीत पाठवण्याची सोयही यजमानाकडे आहे. एखाद्या मुद्द्यावर फक्त आपल्या लोकांशी बोलायचे असेल तर यजमान ती वापरू शकतो. त्यामुळे मध्येच पुन्हा वेटिंग रूममध्ये येऊन पडलेल्याने नेट गेले असे समजून लिंक पुन्हापुन्हा उघडत बसू नये.

पण या दारावरच्या माणसाला चेहरे दिसत नाहीत. त्याच्यापुढे असतात पाहुण्यांनी स्वतः टाइप केलेली नावे. ज्याचे त्या सर्व्हरवर खाते नाही अशा पाहुण्याची ओळख पटवण्याचे दुसरे कुठलेही साधन अ‍ॅपकडे नसते. म्हणजे कुणीही अनोळखी माणूस मुंबईच्या एजंटचे नाव टाकून दारात उभा राहू शकतो. उलट खरा माणूसही अडकू शकतो. मुलाने घरच्या नावाने ‘बंटी’ असे टाइप केले आणि मुनीमजींनी नुसते ‘जी’ टाकून पुढे दाबले, तर हॅम्बुर्गच्या बाईंना हे दोघे कोण ते कसे कळणार? दुकानाचे नाव आणि आपले नाव रोमन लिपीत, आणि बैठकीच्या आमंत्रणात असेल तसेच टाइप करणे हा यावरचा साधा उपाय. आपल्या बाजूने कोण येणार त्यांची नावे आदल्या दिवशी ई-मेलने कळवली तर यजमानाला यादीशी ताडून पाहता येते. एकाच नावाचे दोघे दारात आले तर कुठेतरी गडबड आहे, हेही त्यातून लगेच कळते.

एखाद्याला बैठकीतून काढून टाकण्याचा अधिकारही यजमानाकडे असतो. पण खाते नसलेला पाहुणा वेगळे नाव टाकून त्याच लिंकवरून पुन्हा दारात येऊ शकतो. म्हणून काढून टाकल्यावर वेटिंग रूम चालू आहे ना, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

दारात ताटकळण्याचे आणखी एक कारण आहे आणि त्याचा अ‍ॅपशी काही संबंध नाही. जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. हॅम्बुर्गचे सकाळचे १० म्हणजे उन्हाळ्यात नागपुरात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच. दर महिन्याची बैठक ‘दीड वाजता’ अशी डोक्यात बसली असेल, तर नोव्हेंबरमध्ये गांधीबागेतली माणसे तासभर आधीच दारात जाऊन थांबतील. समोर कुणी नाही म्हणून ती वैतागतील आणि दोष अ‍ॅपला देतील.

रेकॉर्डिंगला परवानगी का विचारतात?

हॅम्बुर्गच्या बाईंनी रेकॉर्डिंग सुरू केले की प्रत्येकाच्या पडद्यावर प्रश्न येतो : तुमचे रेकॉर्डिंग होण्यास तुमची संमती आहे का? झूमवर मिळणाऱ्या सूचनेहून हा प्रश्न वेगळा आहे. तिथे बैठक रेकॉर्ड होत असल्याचे सांगितले जाते आणि मान्य नसेल तर बैठक सोडून जाण्याचा पर्याय असतो. ओपनटॉकमध्ये नकार देऊनही बैठकीत बसता येते. तिथे प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या नावापुढे संमतीची एक नोंद असते आणि ती सुरुवातीला ‘नाही’ अशीच धरलेली असते. रेकॉर्डिंग करणारा प्रोग्रॅम त्या खोलीत एखाद्या सहभागी माणसासारखा दाखल होतो आणि ज्यांनी ‘हो’ म्हटले आहे त्यांचाच आवाज व चित्र टिपतो. गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, हे त्यात गृहीत आहे.

हा फरक कायद्यातून आला आहे. जर्मन फौजदारी संहितेच्या कलम २०१ नुसार, जाहीरपणे न बोललेले दुसऱ्याचे शब्द अधिकार नसताना रेकॉर्ड करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. संभाषण खासगी आयुष्यातले असले पाहिजे अशीही अट नाही. चार भिंतींआडची धंद्याची बोलणीही त्यात येतात. रेकॉर्ड करणारा स्वतः त्या संभाषणात सामील होता, एवढ्याने त्याची सुटका होत नाही. त्याच्या जोडीला युरोपचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा आहे. संमती मोकळेपणाने दिलेली असावी आणि ती देण्याइतकेच मागे घेणेही सोपे असावे, असे तो सांगतो.

आपल्याकडची वाट वेगळी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईतल्या खटल्याचा आहे. १९६४ मध्ये मुंबईचे कोरोनर असलेल्या आर. एम. मलकानी यांच्यावर एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीत डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप झाला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने दुसऱ्या एका डॉक्टरच्या घरच्या फोनला, त्यांच्या संमतीने, टेपरेकॉर्डर जोडला आणि मलकानी यांच्याशी झालेले बोलणे टिपले. हे रेकॉर्डिंग बेकायदा आहे, असा मलकानी यांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७२ च्या निकालात तो फेटाळला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाला रेकॉर्डिंग मान्य होते, त्यामुळे कुणी तिसऱ्याने चोरून संभाषण अडवले असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीच्या वादातही एकाने दुसऱ्याच्या नकळत केलेले रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालू शकते, असा निकाल दिला.

थोडक्यात, ‘मी स्वतः बोलणाऱ्यांपैकी एक आहे, मग रेकॉर्ड केले तर काय बिघडले’ ही भारतीय व्यापाऱ्याची समजूत हवेतून आलेली नाही. फोनवरची बोलणी आपोआप रेकॉर्ड करणारी सोय आपल्या बाजारपेठांत सर्रास वापरली जाते आणि उधारीच्या वादात ती कामीही येते. पण तीच सवय हॅम्बुर्गच्या बैठकीत चालत नाही. तिथल्या माणसाला नंतर कळले की टेबलावर ठेवलेल्या दुसऱ्या फोनने सगळे टिपले आहे, तर त्याच्या लेखी ती सावधगिरी नसून गुन्हा आहे. कोर्टकचेरी पुढची गोष्ट, ऑर्डर आधी जाईल.

भारतातही नियम बदलत आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. जिथे संमतीच्या आधारावर माहिती घेतली जाते, तिथे ती संमती मोकळी, नेमक्या कारणासाठी, माहिती देऊन घेतलेली आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असे हा कायदाही म्हणतो. पडद्यावर संमतीचा प्रश्न विचारणारी अ‍ॅप भारतीय कंपन्यांकडूनही वापरली जाऊ लागली, तर त्यात आश्चर्य वाटायला नको.

‘हो’ म्हटल्यावर आणि ‘नाही’ म्हटल्यावर काय होते?

गांधीबागेतली तिन्ही माणसे एकाच लॅपटॉपसमोर बसली आहेत, असे समजा. प्रश्न पडद्यावर आला, माऊस मुलाच्या हातात होता आणि त्याने सवयीने ‘हो’ दाबले. अ‍ॅपच्या दृष्टीने एका सहभागीने संमती दिली. प्रत्यक्षात मात्र एकाच माइकवरून तिघांचा आवाज जाणार आहे. मालकांना कुणी विचारलेच नाही. मुनीमजी मागून बोललेले ‘एकशे सत्तरलाही परवडते आपल्याला’ हे वाक्यही त्याच परवानगीवर रेकॉर्डिंगमध्ये जाईल. संमतीची नोंद जोडणीपुरती असते, त्या जोडणीमागे किती माणसे बसली आहेत हे अ‍ॅपला कळत नाही. तिघांनी वेगवेगळ्या फोनवरून यावे किंवा निदान बटण दाबण्याआधी एकमेकांना विचारावे. आणि आपापसातले बोलणे माइक बंद करूनच करावे. समोरच्यांना मराठी येत नाही हे खरे, पण रेकॉर्डिंग मराठी येणाऱ्या कुणालाही नंतर ऐकवता येते.

आता नकाराची बाजू. मालकांनी ‘नाही’ दाबले तर त्यांचा आवाज आणि चेहरा रेकॉर्डिंगमध्ये जाणार नाही. बैठकीतल्यांना मात्र ते नेहमीसारखेच दिसतील आणि ऐकू येतील. त्यामुळे नकार दिला म्हणजे आपले बोलणे कुठेच नोंदले जाणार नाही, असे समजणे चूक आहे. समोरचा माणूस वहीत टिपणे घेऊ शकतो आणि ती पूर्णपणे वैध आहेत. शिवाय मालक म्हणाले, ‘नगाला १८५ रुपये.’ हे रेकॉर्ड झाले नाही. त्यावर संमती दिलेल्या बाई म्हणाल्या, ‘१८५ म्हणजे मागच्या वेळेपेक्षा १२ रुपये जास्त.’ हे रेकॉर्ड झाले. दर रेकॉर्डिंगमध्ये आलाच, पण दर चढवण्यामागचे कारण, म्हणजे सुताचे भाव वाढल्याचे मालकांचे स्पष्टीकरण मात्र राहून गेले. अशा अर्धवट रेकॉर्डिंगमध्ये प्रश्नांची उत्तरे गायब असतात. वाद झालाच तर ते नकार देणाऱ्याला गैरसोयीचे ठरू शकते.

म्हणून दराच्या बैठकीत निम्म्यांनी ‘हो’ आणि निम्म्यांनी ‘नाही’ म्हणणे हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. रेकॉर्डिंग कशासाठी हवे, ते कोण पाहणार आणि कधी पुसणार हे आधी विचारावे. उत्तर पटले तर आपल्या बाजूच्या सगळ्यांनी संमती द्यावी. पटले नाही तर रेकॉर्डिंगच नको आणि दोघांनी मान्य केलेले लेखी टिपण ठेवू, असे सुचवावे. जर्मन पक्षाला यात काही वावगे वाटण्याचे कारण नाही, कारण त्यांच्याकडे हा प्रश्न विचारलाच जातो.

दिलेली संमती मध्येच मागे घेता येते. मात्र तिचा परिणाम पुढच्या भागावर होतो, आधी टिपलेला भाग आपोआप पुसला जात नाही. तो पुसून हवा असेल तर रेकॉर्डिंग ज्याच्या ताब्यात आहे त्या कंपनीकडे मागणी करावी लागते. इथे गांधीबागेतल्या माणसाच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. जीडीपीआरचे संरक्षण युरोपच्या नागरिकांपुरते नाही. माहिती हाताळणारी कंपनी युरोपात असेल, तर जिची माहिती आहे ती व्यक्ती कुठल्याही देशाची आणि कुठेही राहणारी असो, कायदा लागू होतो. हॅम्बुर्गच्या कंपनीकडे आपले काय रेकॉर्डिंग आहे हे विचारण्याचा, त्याची प्रत मागण्याचा हक्क नागपूरच्या मुनीमजींनाही आहे. कंपनीने साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यायचे असते.

आणि एक मर्यादा विसरता येणार नाही. हा सगळा बंदोबस्त अ‍ॅपच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगपुरता आहे. समोरच्याने संगणकावरच्या वेगळ्या प्रोग्रॅमने पडदा टिपला किंवा बाजूला फोन धरला, तर अ‍ॅपला त्याचा पत्ता लागत नाही. कुणाच्याही पडद्यावर प्रश्न येत नाही. रेकॉर्डिंगची खूण दिसत नाही म्हणजे कुणीच रेकॉर्ड करत नाही, एवढा अर्थ त्यातून काढता येत नाही.

वेगळ्या खोलीत नेले तर तिथे कोण ऐकते?

दर्जा आणि दर हे दोन विषय एकदम बोलण्यात अर्थ नाही, म्हणून बाईंनी दोन ब्रेकआउट रूम उघडल्या. शाळेतल्या वर्गात गट पाडावेत तसा हा प्रकार. यजमान खोल्यांची संख्या ठरवतो, कोण कुठे जाईल ते स्वतः नेमतो किंवा अ‍ॅपला चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करू देतो आणि हवी तर वेळेची मर्यादा घालतो. वेळ संपली की सगळे मुख्य खोलीत परततात. त्याआधी यायचे असेल तर सहभागी माणूस स्वतःहूनही परत येऊ शकतो.

आपल्या उदाहरणात दर्जाच्या खोलीत मुलगा, तपासणी संस्थेचा प्रतिनिधी आणि खरेदीदाराचे दोघे गेले. दराच्या खोलीत मालक, मुनीमजी, एजंट आणि उरलेले दोघे. (आता तिघांनी एकाच लॅपटॉपवर बसून चालत नाही, हेही इथे उघड होते. एक जोडणी एका वेळी एकाच खोलीत जाते. मुलगा दर्जाच्या खोलीत गेला की वडील आणि मुनीमजीही त्याच्यामागे ओढले जातात.) ही वाटणी नेमून केलेली असावी. यजमानाने चिठ्ठ्यांवर सोडले, तर तपासणी संस्थेचा तटस्थ माणूस दराच्या बोलणीत येऊन बसू शकतो. बैठकीला दोन पुरवठादार असते तर ते समोरासमोर आले असते आणि एकमेकांचे दर ऐकत बसले असते. खोलीत शिरल्यावर दराचा आकडा तोंडातून काढण्याआधी उपस्थितांची यादी वाचून घ्यायला दहा सेकंद लागतात.

‘वेगळी खोली’ या शब्दांनी एक भ्रम होतो की इथे आपण खासगीत आहोत. यजमान कुठल्याही ब्रेकआउट रूममध्ये येऊ शकतो. म्हणजे मालक आणि एजंट यांना पाच मिनिटे आपापसात बोलायला म्हणून स्वतंत्र खोली दिली, तरी ती खोली हॅम्बुर्गच्या बाईंच्याच बैठकीतली आहे. कमिशन किती सोडायचे याची चर्चा तिथे करणे म्हणजे गिऱ्हाइकाच्याच पेढीवर बसून गिऱ्हाइकाला किती लावायचे हे ठरवणे. त्यासाठी माइक बंद करावा आणि एकमेकांना साधा फोन लावावा.

रेकॉर्डिंगचे इथे काय होते? रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम सहभागी माणसासारखा एका खोलीत असतो, त्यामुळे तो ज्या खोलीत आहे तिथलेच टिपतो. मुख्य खोलीत सुरू केलेले रेकॉर्डिंग माणसांमागून प्रत्येक गटात जात नाही. झूमवरही क्लाउड रेकॉर्डिंग मुख्य खोलीपुरतेच असते. तिथे संगणकावर साठवले जाणारे रेकॉर्डिंग मात्र रेकॉर्ड करणारा माणूस ज्या खोलीत जातो तिथले होते. याचे परिणाम दोन्ही बाजूंनी आहेत. गटातले बोलणे रेकॉर्ड होईल अशा भरवशावर राहिले तर दराचा सौदा ठरलेली नेमकी वीस मिनिटे हाती लागत नाहीत. आणि रेकॉर्ड होणारच नाही असे मानून मोकळे बोलले, तर त्या खोलीत वेगळे रेकॉर्डिंग सुरू असू शकते. म्हणून खोली बदलली की रेकॉर्डिंगची खूण नव्याने पाहायची.

दराच्या खोलीत १८५ वरून सुरू झालेले बोलणे १७९ वर येऊन थांबले, असे समजा. घड्याळ संपले आणि सगळे मुख्य खोलीत आले. इथे एक अडचण हमखास येते. दर्जाच्या खोलीत तपासणीची पद्धत कडक करायचे ठरलेले असते, त्याने नगामागे खर्च वाढतो, आणि १७९ म्हणणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. दोन्ही गटांनी काय ठरवले ते मुख्य खोलीत, सर्वांसमोर, आकड्यांसह बोलून घेतले नाही तर मुलगा एक कबूल करून बसतो आणि वडील दुसरे. रेकॉर्डिंग चालू असेल तर ते याच वेळी सगळ्यात उपयोगी पडते. एरवी मुनीमजींनी त्याच संध्याकाळी ई-मेल लिहावा : नगाला १७९ रुपये, नवी तपासणी कुणाच्या खर्चाने, माल कधी निघणार. समोरून ‘बरोबर आहे’ असे उत्तर आले की वादाच्या वेळी ते दाखवणे तासाभराच्या व्हिडिओतून एक वाक्य शोधण्यापेक्षा सोपे जाते.

गट चालू असताना दाराचीही काळजी घ्यावी लागते. सगळे आत गुंतलेले असताना उशिरा आलेला माणूस वेटिंग रूममध्ये अडकून राहतो, कारण दार उघडणारा यजमान कुठल्यातरी खोलीत चर्चेत असतो. बैठक मोठी असेल तर दोन यजमान ठेवणे आणि त्यातल्या एकाने मुख्य खोली न सोडणे, ही चांगली पद्धत आहे. पाहुण्याच्या हातात मात्र एवढेच असते की आमंत्रण आलेल्या ई-मेलवर किंवा फोनवर यजमानाला कळवावे : मी दारात आहे, अमुक नावाने.

गांधीबागेतल्या व्यापाऱ्याने स्वतः बैठक बोलावली तर?

तेव्हा ही सगळी बटणे त्याच्या हातात येतात आणि जबाबदारीही. जर्मन माणसे समोर असतील तर रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तोंडी विचारावे आणि कारण सांगावे. पडद्यावरचा प्रश्न त्यानंतर येऊ द्यावा. संमती मागितल्यावर एखाद्याने नकार दिला तर त्याला ‘काय लपवताय’ असे गमतीनेही विचारू नये, कारण दबावाखाली दिलेल्या होकाराला त्यांच्या कायद्यात किंमत नाही. रेकॉर्डिंगची फाइल दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे हाही त्या संमतीचा भंग ठरू शकतो. होकार बैठकीची नोंद ठेवण्यासाठी मिळालेला असतो, पंचवीस जणांना दाखवण्यासाठी नाही. ज्या ग्रुपवर लिंक गेली होती, त्याच ग्रुपवर फाइल जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते. तेव्हा फाइल कुणाच्या फोनवर उतरवायची आणि माल पोहोचून पैसे मिळाल्यावर ती कोण पुसणार, हे रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच ठरवून ठेवलेले बरे.